मदत हवी आहे: पुन्हा चालू केलेल्या पॉलिसीचा मृत्युदावा नाकारला

उद्यमनगरकर: माझ्या थोरल्या भावाने मार्च 2020 मध्ये स्वतःच्या आयुष्यावर 10 लाखांची पॉलिसी घेतली. पुढच्या वर्षी हप्ते थकून ती बंद पडली आणि जून 2023 मध्ये थकबाकी भरून, प्रकृतीविषयी लेखी निवेदन देऊन ती पुन्हा चालू केली. जानेवारी 2025 मध्ये हृदयविकाराने दादा गेले. 2021 पासून त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, पण निवेदनात त्या रकान्यासमोर ‘नाही’ लिहिले असल्याने कंपनीने त्याच वर्षी पत्राने दावा नाकारला. वहिनी नॉमिनी आहेत. पॉलिसीला पाच वर्षे होत आली असताना असे करता येते का?

शिवाजीपेठ: तीन वर्षांनंतर कंपनीला काहीच विचारता येत नाही, कायदाच तसा आहे. बिनधास्त भांडा.

कसबा_बावडा: माझे उलट झाले. जुना टेम्पो घेतला, पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाल्यावर माझ्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळाला नाही. वहिनींच्या नावावर पॉलिसी नाही, म्हणून तर अडवले नसेल?

निवृत्त_विमाधिकारी: बावडेकर, आपली अडचण निराळी आहे. गाडीच्या विम्यात नुकसान होताना गाडीत ज्याचे विमायोग्य हित आहे, म्हणजे तिच्या नुकसानीने ज्याचे आर्थिक नुकसान होते, आणि ज्याच्याशी करार आहे, त्यालाच भरपाई मिळते. आपल्याकडे गाडी होती, करार नव्हता. आयुर्विम्यात ते हित पॉलिसी घेताना असावे लागते आणि स्वतःच्या आयुष्यात ते प्रत्येकाला असतेच, त्यामुळे वहिनींच्या नॉमिनी असण्याला धक्का नाही.

शिवाजीपेठकरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये 2015 च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षे पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्याची, यांपैकी जी तारीख सर्वांत उशिराची, तिच्यापासून मोजतात. येथे घड्याळ जून 2023 ला पुन्हा सुरू झाले आणि दावा नाकारताना मुदत संपलेली नव्हती. 2020 चे उत्तर खरे होते, 2023 चे नव्हते. प्रकृती विमेदारालाच ठाऊक असते आणि कंपनी त्याच्या शब्दावर जोखीम घेते, म्हणून परम सद्भावाचे, म्हणजे महत्त्वाचे सारे खरे सांगण्याचे, बंधन दोन्ही वेळी तितकेच असते.

उद्यमनगरकर: पण मृत्यू मधुमेहाने झालेला नाही.

निवृत्त_विमाधिकारी: मृत्यूचे कारण ही मुख्य कसोटी नव्हे, माहिती असती तर कंपनीने पॉलिसी दिली असती का, हे पाहतात आणि ते दाखवण्याचा भार कंपनीवर असतो. तरी सुलभा मोटेगावकर प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा मान्य केला, कारण लपवलेल्या मणक्याच्या विकाराचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध नव्हता. मधुमेहाबाबत तसे म्हणणे मला तरी कठीण वाटते.

आता पत्रात ‘फसवणूक’ म्हटले आहे की ‘माहिती दडवली’, ते पाहा. फसवणूक नसेल, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करावे लागतात.

उद्यमनगरकर: पत्रात दोन्ही शब्द आहेत, हप्ते परत आलेले नाहीत. रकाने एजंटने भरले होते, दादांनी फक्त सही केली.

निवृत्त_विमाधिकारी: सही केली की उत्तरांची जबाबदारी सहसा सही करणाऱ्यावरच येते, तरी एजंटला गोळ्यांची कल्पना होती याचा पुरावा असेल तर मुद्दा उभा राहू शकतो. निवेदनाची प्रत आणि कंपनीने मिळवलेली वैद्यकीय कागदपत्रे मागवा. पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाण्यास अंतिम नकारापासून एक वर्ष असते.

शिवाजीपेठ: पण एजंट कंपनीचाच माणूस ना? मग त्याला ठाऊक होते ते कंपनीला ठाऊक नव्हते, असे कसे?