मदत हवी आहे : मराठी जाहिरात खरंच जिंकली का?

नमस्कार मंडळी. आमचा रावेरला केळी वेफर्सचा घरगुती धंदा आहे. फेसबुकवर एकाच फोटोच्या दोन जाहिराती केल्या, एक मराठीत, एक इंग्रजीत. दोन्ही जळगाव-धुळ्याच्या त्याच लोकांसाठी.

आधी दोन्ही एकाच अ‍ॅड सेटमध्ये टाकल्या, तिथेच चुकलं. दोन दिवसांत फेसबुकने बहुतेक पैसे मराठीकडे वळवले, इंग्रजी कुणाला धड दिसलीच नाही. मग ए/बी टेस्ट लावली, म्हणजे एका माणसाला एकच जाहिरात दिसते. दोन्हींना प्रत्येकी 1500 रुपये, आठ दिवस.

मराठीवर व्हॉट्सअ‍ॅपला 60 मेसेज आले, इंग्रजीवर 30. म्हणजे एक मेसेज 25 रुपयांना आणि 50 रुपयांना. मी खूश! पण वही काढली तर ऑर्डरी 7 आणि 6. मराठीवरचे निम्मे लोक ‘काय भाव शे?’ विचारून गायब. (दोन्ही जाहिरातींत भाव लिहिलेलाच नव्हता, ही माझीच हुशारी.)

आता भाऊ म्हणतो, इंग्रजी बंद कर. मला वाटतं, सात आणि सहात फरक काय, उद्या उलटंही होईल.

तर विचारायचं असं, की प्रत्येकी किती ऑर्डरी होईपर्यंत थांबावं? आणि पुढच्या खेपेला दोन्हींत भाव टाकून चाचणी पहिल्यापासून लावू, की आधीचे आकडे धरून चालतील? कुणी असं केलं असेल तर सांगा.