फील्ड पोस्टिंग आणि नववीतली मुलगी

“नवरा सैन्यात आहे, त्याची बदली फील्डला झालीय. मुलगी नववीत, केंद्रीय विद्यालयात. क्वार्टर सोडून साताऱ्याला सासरी जाऊ का?”

ताई, मुलीचं वर्ष बघूनच ठरवा. सीबीएसईत नववी-दहावी हा एकच दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरतात. आता गावी राज्य मंडळाच्या शाळेत घातलं तर ऐन दहावीच्या तोंडावर मराठीचा पेपर समोर येईल, आणि पुन्हा परतायचं म्हटलं तर थेट दहावीत प्रवेशाला बोर्डाची परवानगी लागेल. सासूबाईंची सोबत मोठी खरी, पण ही दोन वर्षं मी तरी हलले नसते.

फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी काही छावण्यांत वेगळी क्वार्टर्स असतात. अर्ज युनिटमार्फत जातो आणि यादी लांब असते, त्यामुळे साहेब निघायच्या आधीच तो करायला लावा. मुलीच्या शिक्षणासाठी आहे तेच क्वार्टर काही काळ ठेवता येतं का, हेही त्याच वेळी विचारा.

त्याआधी एक गोष्ट तपासा: तुमचं आणि मुलीचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे साहेबांच्या सैन्यातल्या नोंदीत, आलंय ना? स्पेलिंगही बघा. आमच्याकडे मुलाचं नाव दाखल्यावर एक आणि ऑर्डरमध्ये दुसरं निघालं. नवरा वर बर्फात, फोन लागेना, आणि डिपेंडंट कार्ड अडकलेलं. तो समोर असताना ही दुरुस्ती एका सहीची असते.

दवाखान्याचंही बघा. साताऱ्याहून मोठं लष्करी रुग्णालय म्हणजे पुणंच.