मदत हवी आहे: निकेल-क्रोम क्राउनचा मार्जिन गोलसर आणि चकचकीत येतो

नवी_लॅब
खालच्या दाढेसाठी पूर्ण धातूचा क्राउन निकेल-क्रोममध्ये ओतते आहे. मेणाचा नमुना डायवर नेमका बसतो आणि भिंगाखाली त्याची कड धारदार दिसते. कास्टिंग फोडून काढल्यावर मात्र जिभेकडच्या बाजूला तीच कड आखूड, गोलसर आणि चकचकीत आढळते. बटण भरपूर उरते, म्हणजे धातू कमी पडलेला नाही. इन्व्हेस्टमेंट फॉस्फेटची आहे. रिंग सावकाश तापवून ९०० अंशांवर अर्धा तास ठेवते. भट्टीत एकच रिंग असली तर कास्टिंग सहसा चांगले येते, चार रिंगा एकदम ठेवल्या की हा दोष दिसतो. कारण कुठे शोधावे?

सांडशी
धातू पुरता तापत नसावा. थंड धातू पातळ कडेपर्यंत पोहोचण्याआधीच गोठतो आणि कड गोल होते.

गोळ्यांनी_त्रस्त
आमच्याकडेही असेच होते. क्राउनच्या आत धातूच्या बारीक गोळ्या येतात आणि तो डायवर बसत नाही.

जुना_तंत्रज्ञ
गोळ्यांचा दोष वेगळा आहे: इन्व्हेस्टमेंट भरताना मेणाला हवेचे बुडबुडे चिकटले की त्या येतात. निर्वात मिश्रण करा.

सांडशी यांचे कारण एरवी संभवते, पण धातू थंड असता तर एकट्या रिंगेतही तो दोष दिसला असता. कड गोल असून शिवाय चकचकीत असेल, तर माझा पहिला संशय न जळलेल्या मेणावर जातो. चार रिंगांमधले मेण जाळायला हवा आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. मागे राहिलेल्या कार्बनपासून धातू आत येताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो वायू धातूला साच्याच्या कोपऱ्यात टेकू देत नाही. तोच कार्बन इन्व्हेस्टमेंटची छिद्रेही बुजवतो, त्यामुळे आतली हवा बाहेर पडत नाही.

तुमच्या पावडरीत मुळात कार्बन नसेल, तर फोडलेली रिंग आतून पांढरी दिसायला हवी. राखाडी किंवा काळा पट्टा दिसला, तर जळण अपुरे झाले असे समजा. सुरुवातीला स्प्रूचे तोंड खाली ठेवा म्हणजे मेण वाहून जाईल, रिंगांमध्ये अंतर सोडा, भट्टीचे धुराडे उघडे ठेवा आणि वरच्या तापमानाला पूर्ण तास द्या.

नवी_लॅब
आपल्या सांगण्यावरून मागच्या खेपेच्या रिंगांचे तुकडे पाहिले. तीन आतून राखाडी आहेत. चौथी मात्र स्वच्छ पांढरी आहे, तरीही तिच्यातल्या क्राउनची कड गोलच आहे.

जुना_तंत्रज्ञ
त्या रिंगेत नमुन्याच्या माथ्यापासून रिंगेच्या टोकापर्यंत इन्व्हेस्टमेंट किती जाड होती? ती साधारण ६ मिलिमीटर असावी. थर फार जाड असेल, तर साचा स्वच्छ असूनही हवा अडते.

नवी_लॅब
त्या तुकड्यांवरून जाडी नीट मोजता येत नाही. पुढच्या खेपेला इन्व्हेस्टमेंट भरण्यापूर्वीच हे अंतर मोजून लिहून ठेवते.

सांडशी
धातूचे तापमानही सोबत टिपून ठेवा. ती शंका मी अजून सोडलेली नाही.