व्हीपीएन लावल्यावर व्हिडिओ सुरळीत का चालतो?

> "स्पीड टेस्टमध्ये ४० एमबीपीएस दिसतात, पण व्हिडिओ अडकतो. व्हीपीएन लावला की नीट चालतो. इंटरनेट कंपनीच वेग दाबते आहे ना?"

शक्य आहे, पण एवढ्यावरून ठरत नाही. व्हीपीएनने दोन गोष्टी एकदम बदलतात: डेटा कसला आहे हे कंपनीला दिसत नाही आणि तो वेगळ्या वाटेने जातो. नेहमीच्या वाटेवर नुसती गर्दी असली तरी असंच होतं.

त्यापेक्षा fast.com वर मोजा; ती साइट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा घेते, म्हणून कंपनीला तो व्हिडिओसारखाच दिसतो. फोन एकाच जागी ठेवून व्हीपीएनशिवाय, व्हीपीएनसह, मग परत व्हीपीएनशिवाय. समजा २, २५, २ एमबीपीएस आले. आता हेच पहाटे करा. गर्दी असेल तर व्हीपीएनशिवायचा आकडा पहाटे बराच वर जाईल. तेव्हाही तो २ वरच खिळलेला असेल, तर संशयाला जागा आहे. उलट व्हीपीएनने वेग घटला तर काहीच सिद्ध होत नाही, त्याचा सर्व्हर लांब असेल.

खात्रीच हवी तर Wehe हे अ‍ॅप बघा. ते व्हिडिओचा डेटा एकदा जसाच्या तसा आणि एकदा ओळखू न येईल असा करून एकाच सर्व्हरवरून पाठवतं. त्यात वाटेचा घोळ उरत नाही.