मदत हवी आहे: कथेतल्या अंकज्योतिषाला ही तारीख खटकेल का?

सायली_लिहिते
लघुकथेत एका जागी अडले आहे. लग्न ठरलेली मुलगी घरी कुणाला न सांगता अंकज्योतिषाकडे जाते आणि होणाऱ्या नवऱ्याची जन्मतारीख लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवते: २९/०२/१९९५. पत्रिका जुळवल्यासारखं काहीतरी ऐकायला मिळेल अशी तिची अपेक्षा. तो चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणतो, "ही तारीख उगवलीच नव्हती." १९९५ लीप वर्ष नव्हतं ना! पण खऱ्या अंकज्योतिषाच्या हे लक्षात येईल का?

बेरीजवजाबाकी
येणारच. चुकीच्या तारखेचा भाग्यांक निघतच नाही, गणित अडतं.

जुनाजाणता
अजिबात अडत नाही. २ आणि ९ मिळून ११, पुढे २, हा मूलांक. सगळे आकडे मिळवले की ३७, मग १०, मग १, हा भाग्यांक. बेरजेला कॅलेंडर कळत नाही. ३१ नोव्हेंबर दिलात तरी उत्तर येईल. कुंडली मांडणारा मात्र अडेल, कारण त्याला त्या दिवसाचे ग्रह लागतात आणि पंचांगात तो दिवसच नसतो. तेव्हा तुमचा माणूस कसा आहे ते आधी ठरवा. नुसती बोटं मोडून बेरीज करणारा असेल तर "मूलांक २, चंद्राचा, हळवा माणूस" म्हणून मोकळा होईल. मोबाइलवर तारीख निवडणारा असेल तर त्याला यादीत २९ दिसणारच नाही.

मोगरा२२
माझा मूलांक ८ म्हणून एका स्थळाने नकार कळवला होता, तोही मेसेजवर. ताई, तुमची दोघांची तारीख पाठवा, मी बघून सांगते.

सायली_लिहिते
अहो, लग्न माझं नाही, कथेतलं आहे :) जुनाजाणता, मोबाइलवालाच घेते. पण मग तारीख खोटी का? त्याने वय लपवलंय असं दाखवायचं होतं.

जुनाजाणता
मग खरी तारीख २९/०२/१९९२ ठेवा. वाढदिवस सगळ्यांना ठाऊक, तो बदलता येत नाही, म्हणून गड्याने फक्त साल पुढे ढकललं आणि तिथेच फसला. मूलांक २ तसाच राहतो, भाग्यांक मात्र १ चा ७ होतो. म्हणजे स्वभावाचं भाकीत तेच आणि नशिबाचं वेगळं. कथेला बरं आहे ते.

बेरीजवजाबाकी
गणिताचं मान्य. पण ११ चा २ करू नका, काही जण ११ तसाच ठेवतात. आणि साल लिहिताना मुलीचाच हात चुकला असेल तर?

सायली_लिहिते
अरे देवा, हे सुचलंच नव्हतं. चिठ्ठी तिच्याच हस्ताक्षरात आहे. मग तिने आधी त्याला विचारावं की मुकाट्याने त्याचा शाळेचा दाखला शोधावा?