मदत हवी आहे: लग्नाच्या वाढदिवसाचं कॅप्शन, ती तिकडे मी इकडे

एमआयडीसीवाला: परवा बुधवारी लग्नाला पाच वर्षं होतात. दोघं नोकरीमुळे वेगळ्या गावात, मी सोलापुरात, ती पुण्यात. इन्स्टावर फोटो टाकायचाय. तिची आठवण येते हे कळलं पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे. नेटवरचं सगळं बघून झालं, 'अंतर कितीही असो' छापाचं नको. लवकर सांगा.

कडकभाकरी: उखाणाच टाका की ओ! 'हुतात्मा धावते रुळावर, पुण्याला आहे वस्ती, ___चं नाव घेतो, आठवण येते जास्ती.' यमक जुळलं की लोक हसतातच.

नवीपेठ_काकू: वहिनी सरकारी नोकरीत आहेत का? पती-पत्नी एकत्रीकरणातून बदलीचा अर्ज करा. माझ्या भाच्याचं तसंच झालं. अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

एमआयडीसीवाला: काकू, बदली नको, कॅप्शन हवंय. ती पुण्यात खासगी कंपनीत आहे.

शाईपेन: थोडी माहिती द्या. फोटो कुठला टाकताय? ती कधी येते, कधी जाते? आणि ती गेल्यावर घरात नेमकं काय वेगळं दिसतं? 'आठवण येते' असं लिहिलं की ते कुणाचंही होतं. तुमच्या घरातली एक वस्तू सांगा.

एमआयडीसीवाला: फोटो लग्नातला, अक्षता पडतानाचा. ती शनिवारी येते, सोमवारी सकाळच्या हुतात्माने जाते. वस्तू म्हणजे चादर? दोघं एकच चादर ओढून भांडायचो. आता पूर्ण माझी.

पार्कचौक: मे महिन्यात सोलापुरात चादर? इथं पंख्याखाली उघडं झोपवत नाही. गाववाले आधी त्यावरच हसतील.

शाईपेन: बरोबर आहे. कल्पना चांगली, पण डिसेंबरची. दुसरं काही?

एमआयडीसीवाला: आई दर सोमवारी तिला शेंगा चटणीचा डबा देते. डबे तिकडेच राहतात. आत्तापर्यंत तीन. आई फोनवर आधी डब्यांचं विचारते, मग तिची तब्येत.

शाईपेन: हेच तुमचं कॅप्शन! आता क्रम बघा. इन्स्टा लांब मजकुराची सुरुवातच दाखवतं, पुढे `more` येतं. म्हणून हसू पहिल्या ओळीत हवं आणि ओढ शेवटी. उलटं केलं, तर आधी रडगाणं वाटतं आणि विनोद कुणी उघडतच नाही. माझा मसुदा:

'पाच वर्षांत तीन डबे पुण्यात अडकले.
घरात रोज हिशोब होतो.
मी मात्र दर सोमवारी आणखी एक भरून देतो.
डबा परत द्यायला तरी तू येशील.'

शेवटच्या ओळीत 'तू' आहे. पहिल्या तिन्ही ओळी लोकांना सांगितल्यासारख्या, शेवटची फक्त तिला. त्यानंतर 'मिस यू' किंवा बदाम घालू नका, ओळ तिथंच थांबू द्या.

कडकभाकरी: यमक कुठंय? मराठी माणसाला यमक लागतं.

शाईपेन: उखाणा चारचौघांत म्हणायचा असतो, कानाला यमक हवं. कॅप्शन डोळ्यांनी वाचतात. तुमच्या ओळीत 'वस्ती' फक्त 'जास्ती'साठी आलीय. वहिनी तिथं वस्तीला राहत नाहीत, भाड्याने राहतात.

पार्कचौक: पण 'मी भरून देतो' खोटं आहे. भरते आई. बायको वाचताक्षणी पकडणार.

शाईपेन: खरंय, चूक माझी. 'मी मात्र स्टेशनवर आणखी एक हातात देतो' करा. फोटोही बदला. अक्षतांच्या फोटोखाली डबे कुणाला कळणार? पिशवी घेतलेला प्लॅटफॉर्मवरचा फोटो असेल तर बघा.

दुबईकर_सोलापूरकर: आम्ही सात वर्षं असे काढले. मी नुसती तारीख टाकायचो. बायको म्हणायची तेवढं पुरे. पण पुणं म्हणजे लांब नाही हो, वंदे भारतने संध्याकाळी बसलं की झोपायला घरी.

एमआयडीसीवाला: बुधवारी तिची रजा नाही, दादा. प्लॅटफॉर्मचा एक फोटो आहे, तिचा चेहरा अर्धा दिसतो, पण पिशवी नीट दिसते.

शाईपेन: तोच टाका.

नवीपेठ_काकू: सासूचा उल्लेख आहे ना त्यात? सून डबे परत करत नाही हे सगळ्या नातेवाइकांत जाईल. मी असते तर रागावले असते.

शाईपेन: म्हणूनच 'आई' न लिहिता 'घरात' लिहिलंय, काकू.

नवीपेठ_काकू: घरात दुसरं कोण हिशोब करतं? कळतंच की.

पार्कचौक: काकूंचं पटतं. वहिनींना आधी दाखवा.

एमआयडीसीवाला: तिला दाखवलं तर बुधवारी काय उरलं? आईला वाचून दाखवलं. ती रागावली नाही. म्हणाली, तीन नव्हे चार, तो बिनझाकणाचा स्टीलचा मोजलाच नाहीस. ओळ बदलतोय.