कागदपत्रे गहाळ झाल्याचा अर्ज

> ‘माझी महत्त्वाची कागदपत्रे प्रवासात हरवली, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ एवढं पुरेल का?

नाही. ‘महत्त्वाची कागदपत्रे’ म्हणजे नेमकी कोणती, हे कळल्याशिवाय पोलिसांत नोंद होत नाही. आणि तुम्हाला कारवाई नकोय, दाखला हवाय, तोच मागा. मी असं लिहीन:

‘दि. ४ जून रोजी सायं. ६ ते ६.४५ दरम्यान स्वारगेट ते कात्रज बसप्रवासात माझी निळी फाइल गहाळ झाली. तीत बारावीची मूळ गुणपत्रिका (पुणे विभागीय मंडळ, फेब्रुवारी-मार्च २०१९, बैठक क्र. …) व वाहन परवाना (क्र. …) होता. शोधूनही सापडली नाही. दुय्यम प्रतींसाठी गहाळ नोंदीचा दाखला मिळावा.’

क्रमांक जुन्या झेरॉक्सवरून तपासून घ्या. फाइल कुणी चोरली असेल, तर मात्र ‘गहाळ’ लिहू नका. ती चोरीची तक्रार होते.